सही करण्याआधीचे तीस दिवस: गटारात नवरा गमावलेल्या बाईशी कागदांबद्दल बोलताना

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



मला दिलेला विषय होता ‘सफाई कामगारांच्या कुटुंबांचे हक्क’. त्यातला एकच तुकडा मी आज घेणार आहे. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस मेला, की त्याच्या बायकोशी पैसे, कागद आणि वारसा याबद्दल कोणी, कधी आणि कसं बोलायचं? हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण हे बोलायची वेळ तुमच्यावरच येणार आहे. आपल्या घरांत, नात्यात, वस्तीत जो पहिला ग्रॅज्युएट होतो त्याच्या हातात सगळ्यांची फाइल येते. कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, ‘त्या शिकलेल्या पोराला बोलवा.’ तुम्ही जाता. समोर एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई डोक्यावरून पदर ओढून बसलेली असते, आणि तुमच्या डोक्यात तीस लाखांचा आकडा फिरत असतो.

आधी तो आकडा कुठून आला ते सांगते. २७ मार्च २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात निकाल दिला, की १९९३पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह खटल्यात त्याच कोर्टाने ही रक्कम तीस लाख केली. ती मृताच्या अवलंबितांना द्यायची आहे. कामाला लावणारा खासगी होता म्हणून सरकारला हात झटकता येतात का, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या तीन विधवांनी मिळवलं. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचे नवरे गेले होते. सरकारचं म्हणणं होतं, की काम खासगी होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की भरपाई आधी सरकारने द्यावी आणि मग जबाबदार माणसाकडून वसूल करावी. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीला दहा लाखांचा आदेश झाला.

मेलेला माणूस ‘सफाई कामगार’च असला पाहिजे असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीत मुंडका भागात एक सफाई कामगार गटारात उतरला आणि त्याला वाचवायला गेलेला सुरक्षा रक्षकही गेला. दिल्ली हायकोर्टाने आपणहून दखल घेतली आणि दोघांच्याही कुटुंबांना दहा-दहा लाख द्यायला सांगितलं. हे लक्षात ठेवा, कारण ‘आमचा माणूस तर फक्त मदतीला गेला होता’ असं म्हणून गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत.

कायदा एवढा आहे. आता त्या बाईसमोर बसूया.

मी ज्या घराबद्दल बोलणार आहे ते पूर्व दिल्लीतल्या एका वस्तीतलं आहे. वाल्मीकी कुटुंब. नवरा एकतीस वर्षांचा, ठेकेदाराच्या बोलावण्यावर जाणारा. गाझियाबाद जिल्ह्यातल्या एका मोठ्या सोसायटीत सांडपाण्याच्या टाकीत तो उतरला आणि वर आला नाही. बायको सव्वीसची, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. घरात सासू, सासरे, थोरला दीर. मी तिला भाभी म्हणते, सासूला अम्मा. इथलं सगळं बोलणं हिंदीतच झालं, मी ते मराठीत सांगते आहे.

मी पोचले तो चौथा दिवस होता. बाहेर खुर्च्यांवर पुरुष बसलेले होते आणि त्यांच्यात पैशाची चर्चा आधीच सुरू होती. हे नीट पाहा. आपल्याला वाटतं, आपण पैशाचं नाव काढलं तर घाई केल्यासारखं दिसेल. पण ती घाई आपण येण्याच्या आधीच दाराशी येऊन बसलेली असते. ठेकेदाराचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, गल्लीतला छोटा पुढारी, माहेरचे, सासरचे, सगळ्यांचं बोलून झालेलं असतं. फक्त तिच्याशी कोणी बोललेलं नसतं. त्यामुळे पैशाबद्दल बोलायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. तिला न विचारता चाललेलं बोलणं तिच्यापर्यंत कसं न्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

मी बाई असल्यामुळे मला आत जाऊन बायकांमध्ये बसता येतं. तुमच्यातल्या मुलांना ते जमणार नाही. उत्तर भारतात सासरे आणि थोरले दीर समोर असताना ती तोंड उघडणार नाही. तुम्ही विचारलं तर तिच्या वतीने दीरच उत्तर देईल. म्हणून तिची नणंद, जाऊ, शेजारीण किंवा तुमची स्वतःची बहीण यांपैकी एकीला आधी नीट समजावा आणि तिला आत पाठवा. बाहेर बसून पुरुषांना सगळा कायदा समजावून आलात, तर ती माहिती तिच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते.

पहिल्या भेटीत मी पैशाचा शब्द काढला नाही. मी विचारलं, ‘भाभी, भय्यांचा फोन कुणाकडे आहे?’ तो दिराच्या खिशात होता आणि त्याचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचं चाललं होतं. मी म्हटलं, ‘तो तुमच्याकडे राहू द्या. बंद करू नका, काही पुसू नका, त्यात रिचार्ज चालू ठेवा.’ यात कुणाला काही खुपत नाही, कारण नवऱ्याचा फोन बायकोने जपून ठेवणं सगळ्यांना साहजिक वाटतं. पण त्या फोनमध्ये त्या सकाळी ठेकेदाराने किती वाजता बोलावलं ते आहे. बँकेचे मेसेज आहेत. पुढे कुठलंही खातं तपासायचं झालं तर ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. पोलिसांनी फोन ताब्यात घेतला तर जप्तीच्या कागदाची प्रत मागायची आणि त्याआधी कॉलची यादी दुसऱ्या फोनने टिपून ठेवायची.

दुसरी गोष्ट मी सांगितली ती अशी: ‘येत्या काही दिवसांत कोणी कागद घेऊन आलं तर ठेवून जा म्हणा. वाचून घेऊ आणि मग सांगू.’ ‘सही करू नका’ असं मी म्हटलं नाही. का, ते सांगते. सासऱ्यांनी सही कर म्हटलं आणि मी नको म्हटलं, तर आमच्या दोघांच्या मध्ये ती उभी राहते. उद्या मी नसते, सासरे रोज असतात. ‘ठेवून जा’ म्हणायला मात्र कुणाशी भांडावं लागत नाही, आणि त्यातच कागदाची परीक्षाही होते. जो माणूस कागद मागे ठेवायला तयार नाही, त्या कागदात काहीतरी आहे.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तो कागद आला. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला होता. मृत माणूस स्वतःच्या मर्जीने, कोणी न सांगता टाकीत उतरला. कुटुंबाची कुणाविरुद्ध तक्रार नाही. माणुसकीच्या नात्याने पाच लाख रुपये देण्यात येत आहेत. त्यातले एक लाख तेव्हाच रोख, उरलेले ‘केस मिटल्यावर’. दिराने पेन पुढे केलं. अम्मा म्हणाल्या, ‘ठेवून जा, आमची मुलगी वाचेल.’ माणूस म्हणाला, साहेबांची एकच प्रत आहे. तो कागद घेऊन गेला आणि रोख रक्कमही घेऊन गेला. त्या रात्री घरात मोठं भांडण झालं हेही सांगायला हवं. एक लाख रुपये दारातून परत गेले होते, आणि तेराव्याचं जेवण उधारीवर झालं.

दुसऱ्या दिवशी मी भाभीला आणि अम्मांना एकत्र बसवून त्या कागदाचा अर्थ सांगितला. ‘मर्जीने उतरला’ ही ओळ पाच लाखांपेक्षा महाग आहे. २०१३च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. घरच्यांनी ‘तक्रार नाही’ म्हटल्याने तो कायद्याने मिटत नाही, पण साक्ष तेवढी कच्ची होते. मग भरपाईच्या अर्जावर कोणीतरी लिहितं की हा तर खासगी अपघात होता. मी एवढंच सांगितलं आणि थांबले. काय करायचं ते विचारलं नाही. नवरा जाऊन बारा दिवस झालेल्या बाईला ‘तुम्ही काय ठरवलं?’ असं विचारणं मला जुलूम वाटतो.

आता कुठली गोष्ट कधी बोलायची ते. माझ्याकडे त्याचा एक साधा निकष आहे. ज्या कागदाला मुदत आहे त्याबद्दल आत्ता बोलायचं, ज्याला नाही त्याबद्दल ती विचारेल तेव्हा. पहिल्या महिन्यात मुदत असलेल्या गोष्टी फार थोड्या असतात.

पहिली गोष्ट एफआयआरची. पीडिताला त्याची प्रत फुकट मिळते आणि मृताचे वारस कायद्याने पीडितच आहेत. प्रत नुसती आणून चालत नाही, ती वाचावी लागते. या घराच्या एफआयआरमध्ये निष्काळजीपणाने मृत्यू एवढंच कलम होतं. २०१३च्या कायद्याचं नाव नव्हतं. त्या कायद्याखाली घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली नाही, तर कोर्ट दखल घेऊ शकत नाही. म्हणून भाभीच्या नावाने पोलीस अधीक्षक पातळीवर लेखी अर्ज गेला: ठेकेदाराने फोन करून बोलावलं, मास्क-पट्टा दिला नाही, हे कलम लावा. अर्जाची पोच घेतली. अनुसूचित जातीच्या माणसाकडून हे काम करून घेतलं असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचाही विचार होतो. तो मुद्दा वकिलावर सोडला. वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या माणसांना उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

दुसरी गोष्ट मृत्यूच्या नोंदीची. नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, नाहीतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. एनसीआरमध्ये इथे एक वेगळाच घोळ असतो. माणूस उत्तर प्रदेशात मेला, घर दिल्लीत, आणि मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. दवाखान्यात मृत घोषित झाला असेल तर दवाखाना नोंद पाठवतो. दवाखान्याच्या फॉर्मवर नाव कोण सांगतं? जो सोबत गेला तो. बहुधा एखादा सहकामगार, आणि तो वस्तीतलं हाकेचं नाव सांगतो. आधारवर एक नाव, मृत्यू दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. हे पुढे महिनोन्‌महिने नडतं. म्हणून आम्ही भाभीला विचारलेला पैशाशी संबंधित पहिला प्रश्न खरं तर नावाचा होता: ‘भय्यांचं आधारवर नाव कसं लिहिलंय? आणि तुमचं?’ सात वर्षांच्या मुलीने पेटीतून आधार काढून आणलं आणि अक्षरं लावत वाचून दाखवलं. दाखला निघण्याआधीच नाव दुरुस्त करून घेतलं.

तिसरी गोष्ट विम्याची. ही अगदी छोटी, पण सगळ्यात जास्त सुटणारी. जनधन किंवा साध्या बचत खात्यातून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस वीस रुपये कापले जातात का ते पासबुकात पाहायचं. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते: अपघाती मृत्यूला दोन लाख. चारशे छत्तीस रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विमा योजना, तिचे आणखी दोन लाख. दोन्हींचा दावा शक्यतो तीस दिवसांत बँकेत द्यायचा असतो. पैसे कापले जातात हे घरात बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. खातं उघडताना बँकमित्राने अंगठा घेतलेला असतो.

पासबुक मागणं मात्र नाजूक आहे. ‘खात्यात किती आहेत?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. आमच्या घरात तुम्ही मला विचारलात तर मलाही राग येईल. मी म्हटलं, ‘भाभी, पासबुक तुमच्याच हातात ठेवा. पान उलटत जा आणि वीस रुपये कुठे कापलेत का तेवढं बघा. बाकी मला दाखवू नका.’ तिला आकडे वाचता येतात. तिने वीस रुपयांची ओळ शोधली आणि मग आपणहून पूर्ण पासबुक माझ्या मांडीवर ठेवलं. शिल्लक चोवीस हजार होती. चारशे छत्तीसची ओळ नव्हती.

इथून वारशाचा विषय निघाला, आणि तोही माझ्या तोंडून नाही. खात्याला नॉमिनी अम्मा होत्या, कारण खातं लग्नाआधीचं. विम्याच्या फॉर्मवर नॉमिनी भाभी होती, कारण तो नंतर भरलेला. बँकेतून परत आल्यावर दीर म्हणाला, खात्यातले पैसे अम्मांचे आणि विम्याचे पैसेही घरात एकत्र यावेत. भाभीने मला विचारलं, ‘हे बरोबर आहे का?’

तेव्हा मी सांगितलं, आणि दोघींसमोर सांगितलं. नॉमिनी म्हणजे बँक ज्याच्या हातात पैसे सोपवते तो. नॉमिनी असेल तर बँकेला कोर्टाचा वारस दाखला मागता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. त्या पैशाचा मालक कोण, हे वारसा कायदा ठरवतो. हिंदू वारसा कायदा १९५६ हा बौद्ध, शीख आणि जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा हिस्सा. वडील आणि भाऊ या यादीत नाहीत. या घरात चार वारस: भाभी, अम्मा, मुलगी, मुलगा. चोवीस हजारांचे चार भाग, प्रत्येकी सहा हजार. दिराचा भाग शून्य.

आपण शिकलेली माणसं घरात गेलो की ‘सून विरुद्ध सासू’ असा तंटा मनात घेऊनच बसतो आणि सुनेच्या बाजूने वकिली सुरू करतो. अम्मांचा मुलगा गेला होता. त्या दिवसापर्यंत त्यांनाही कोणी काही विचारलं नव्हतं. ‘अम्मा, कायद्यात तुमचाही हिस्सा आहे, बाबूजींचा नाही,’ हे ऐकल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, ‘माझाही?’ त्यानंतर त्या भाभीच्या बाजूला सरकून बसल्या. माझ्या पाहण्यात हे आणखी दोन घरांत झालं आहे. आईचा हिस्सा आधी सांगितला की बायकोचा हिस्सा ही सासरची लूट वाटेनाशी होते. कायद्याचं हे कलम कुणाच्या धडपडीतून आलं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. हिंदू कोड बिल अडकवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी याच शहरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्याआधी, १९३७च्या कायद्याने विधवेला मिळत होती ती फक्त हयातीपुरती वहिवाट. १९५६ने ती पूर्ण मालकी केली.

तीस लाख मात्र या हिशेबात घालू नका. ती मृताची मालमत्ता नाही, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मिळणारी भरपाई आहे. ती कुणाला किती द्यायची हे प्रशासन किंवा कोर्ट ठरवतं. अर्ज जिथे मृत्यू झाला त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे केला, म्हणजे या घरासाठी गाझियाबादला. दिल्लीच्या एसडीएम कार्यालयातून मात्र घरात मागे कोण कोण राहिलं याचा दाखला घेतला, त्याला इथे ‘सर्व्हायव्हिंग मेंबर सर्टिफिकेट’ म्हणतात. तो दाखला मालकी ठरवत नाही, फक्त माणसं मोजतो. दोन राज्यांच्या दोन कार्यालयांमधून एक फाइल तयार होते, आणि कुठला कागद कुठला हे तिला स्वतःला माहीत असावं म्हणून आम्ही एक वही केली. प्रत्येक पानावर तारीख, कोण आलं, काय म्हणालं, कुठला कागद कुणाला दिला. मी तिच्या कागदांचे फोटो माझ्या फोनमध्ये ठेवले नाहीत. संशोधकांसाठी मुद्दाम सांगते: तुमच्या थीसिसला तिचं पासबुक लागत नाही.

दोन प्रश्न असे आहेत जे एकटीलाच विचारायचे, दार लोटून. पहिला लग्नाचा. आपल्या वस्त्यांमध्ये लग्न नोंदवलेलं नसतं. त्याने सहसा अडत नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे जन्मदाखले यावर काम होतं. पण आधीचं लग्न पंचायतीत सुटलेलं असतं आणि कोर्टात नसतं, तिचं किंवा त्याचं. मग बायको म्हणून तिचा दावा कायद्यात डळमळतो. मुलांचा वडिलांच्या मालमत्तेतला हक्क तरीही राहतो. हे चारचौघांत निघालं तर सासरला आयतं हत्यार मिळतं. म्हणून विचारताना मी असं म्हणते: ‘हे मला सांगितलंच पाहिजे असं नाही. पण वकिलाला सांगा, तो दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.’

दुसरा प्रश्न पुन्हा लग्नाचा. दिल्ली-हरियाणा-पश्चिम उत्तर प्रदेशात नवरा गेला की धाकट्या किंवा थोरल्या दिराची चादर तिच्यावर घालण्याची रीत आहे. कधी त्यात माया असते, कधी त्यात तीस लाख असतात. कुठलं काय, ते मी ठरवू शकत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. मी फक्त माहिती दिली: तुम्ही पुन्हा लग्न केलंत, नाही केलंत, माहेरी गेलात, तरी नवऱ्याच्या मालमत्तेतला मिळालेला हिस्सा परत जात नाही. हे तिला माहीत नव्हतं. तिला सांगण्यात आलं होतं की चादर नाकारली तर हक्क जातो.

कर्जाबद्दल मी काही विचारलं नव्हतं, तिनेच काढलं. गल्लीतल्या सावकाराचे पस्तीस हजार होते, तो म्हणत होता आता तू फेड. नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून जेवढं फिटेल तेवढंच. बचत गटाचं कर्ज मात्र तिच्या स्वतःच्या नावावर असतं आणि ते तिचंच राहतं. पण अशा कर्जांसोबत अनेकदा नवरा-बायकोचा विमा काढलेला असतो, म्हणून कर्जाचं कार्ड वाचायचं. तिच्या कार्डावर विमा होता. हप्ता मागायला येणाऱ्या माणसाने ते सांगितलं नव्हतं.

शेवटची गोष्ट खात्याची. भरपाईच्या अर्जात बँक खातं लिहायचं असतं. दिराने सासऱ्यांसोबत जॉइंट खातं सुचवलं, ‘बाईमाणूस बँकेत कुठे जाणार’ म्हणून. भाभीने स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं. पण खरी गोम पुढे होती. फॉर्मवर मोबाइल नंबर दिराचा लिहिला गेला होता, कारण फॉर्म त्याने भरला. खातं तिचं, ओटीपी त्याच्या खिशात. हे बँकेच्या काउंटरवर उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. नंबर बदलायला तिला स्वतःला जावं लागलं. अम्मा सोबत गेल्या आणि मी गेले नाही, मुद्दामच. नवऱ्याचंच सिम तिने आपल्या फोनमध्ये चालू ठेवलं होतं. नव्या खात्याला मात्र तिने आपला वेगळा नंबर दिला.

विम्याचे दोन लाख तिच्या खात्यात आले आहेत. त्यातून सावकाराला काही दिलेलं नाही. गाझियाबादचा अर्ज अजून पडून आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती आणि अम्मा लोकलने तिथे जातात, वहीत तारीख आणि बाबूचं नाव लिहून आणतात. मागच्या वेळी बाबूने सांगितलं, फाइल सापडत नाही. भाभीने वही उघडून पोचपावतीचा नंबर वाचून दाखवला. मग ती सापडली.